वाटीखाली टेंगूळ, १३ वर्षांचा फुटबॉलपटू: खेळ किती कमी करायचा आणि हे किती दिवस चालतं?

पेठेतली आई
मुलगा १३ पूर्ण, आठवीत. डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली नडगी सुरू होते तिथे दोन महिन्यांपासून टणक टेंगूळ आलंय. दाबलं की कळवळतो. पळताना, जिना उतरताना आणि गुडघे टेकून बसताना दुखतं. जूनमध्ये उंची १५१ सेंमी होती, आता जानेवारीत १५७.
आठवड्याचा खेळ असा: अकॅडमी चार दिवस दीड-दीड तास, शाळेचा संघ दोन दिवस तासभर, रविवारी सामना. शिवाय पीटीचे दोन तास. डॉक्टरांनी एक्स-रे काढून "ऑसगुड-श्लॅटर आहे, वाढीच्या वयात होतं, सहा आठवडे विश्रांती" एवढं सांगितलं. विश्रांती म्हणजे नक्की काय बंद आणि काय चालू, ते विचारायचं राहून गेलं. प्रशिक्षक म्हणतात पट्टा लावून खेळवा. पाच आठवड्यांनी स्पर्धा आहे. तो उजव्या पायाने खेळतो, मग दुखणं डाव्या गुडघ्याला कसं, हेही कळत नाही.

रनर_रवी
काळजी करू नका, उंची वाढताना होतंच हे. हाड भराभर लांबतं, मांडीचा स्नायू मागे राहतो, म्हणून ओढ बसते. टाच ढुंगणाला लावून मांडी ताणायची, ३० सेकंद, दिवसातून पाच वेळा. आणि आठवड्याला वयाइतके तास खेळ चालतो असा नियम आहे. तुमचा पीटी सोडून ९ तास खेळतोय, म्हणजे १३ च्या आतच आहे. पट्टा लावा आणि खेळू द्या.

कुंदाताई
माझेही गुडघे जिना उतरताना दुखतात, वय ५२. मला हळद-दूध आणि तिळाच्या तेलाने बराच फरक पडला. त्यालाही रात्री चांगलं जिरवून मालिश करा.

फिजिओ_सातारा
कुंदाताई, तुमच्या वयात गुडघ्याच्या सांध्याची झीज असू शकते. या मुलाचं दुखणं सांध्यात नाहीच, सांध्याच्या खाली हाडावर आहे. टेंगळावर जोर देऊन मालिश केली तर उलट ठणका वाढेल.

पेठेतली आई, एक्स-रे झालाय, तरी जागा घरी एकदा नीट बघून घ्या. त्याला पाय सरळ सैल सोडून बसवा. अंगठा वाटीच्या खालच्या टोकावर ठेवा आणि सरळ रेषेत खाली सरकवा. आधी चार-पाच सेंटिमीटर दोरीसारखी लवचिक पट्टी लागेल, तो टेंडन. तो संपतो तिथे हाडाचा उंचवटा लागतो. फक्त त्या उंचवट्यावर "आई गं" आलं, गुडघा पूर्ण वाकतोय, पूर्ण सरळ होतोय आणि सांधा सुजलेला नाही, तर चित्र जुळलं.

मांडीचा अख्खा पुढचा स्नायू वाटीवरून त्या एका उंचवट्याला बांधलेला असतो. मोठ्या माणसात तिथे पक्कं हाड असतं, या वयात तिथे वाढीची कूर्चा असते आणि ती टेंडनपेक्षा कमकुवत असते. प्रत्येक धाव, उडी, अचानक ब्रेक त्या जागेला हिसका देतो. जागा चिडते, थोडी उचलली जाते, भरताना जास्त हाड धरते. तेच टेंगूळ. म्हणून आधी गुडघा दुखतो आणि गोळा नंतर दिसतो.

डावा का? उजव्या पायाने किक मारणारा मुलगा डावा पाय जमिनीत रोवतो. धावत आलेल्या अंगाचा सगळा वेग त्या किंचित वाकलेल्या गुडघ्यावर थांबतो. फुटबॉलमध्ये टेकलेल्या पायालाच हे जास्त दिसतं.

डावी विंग
मैदानावरून सांगतो. लोक मिनिटं मोजतात, हिसके मोजत नाहीत. दीड तासाच्या सरावात पास आणि जागेवरचं काम तासभर असेल तर गुडघा फारसा तक्रार करत नाही. त्याच दीड तासात शेवटची २० मिनिटं शटल धावणं आणि ३० शॉट असतील, तर तीच २० मिनिटं दुसऱ्या दिवशी जिन्यात बोलतात. रवी, त्यामुळे "९ तास, १३ च्या आत" हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. तो नियम एकूण भारासाठी मोघम बरा आहे. पण सात महिन्यांत ६ सेंमी वाढलेल्या पोराला तो लावू नका.

रनर_रवी
नियम मोघम आहे, मान्य. पण ताण देणं तर सगळेच सांगतात?

फिजिओ_सातारा
सांगतात, आणि तुमचं अर्धं बरोबर आहे. या मुलांची मांडी बहुतेक वेळा आखडलेली सापडते. पण टाच ढुंगणाला लावून ओढली की तीच दोरी त्याच दुखऱ्या हाडाला ओढते. दुखरा काळ चालू असताना हा ताण टेंगळावर टोचत असेल, तर तो आज करू नये. सध्या मांडीची मागची बाजू आणि पोटरी ताणा, त्याने टेंगळाला धक्का लागत नाही. दाबल्यावर दुखणं निम्म्यावर आलं की मांडीच्या पुढच्या बाजूचा ताण हलका, न दुखता.

संध्या_ठाणे
आम्हाला फिजिओने तो ताण कुशीवर झोपून, गुडघा फक्त ९० अंश वाकवून, मांडी मागे नेऊन करायला सांगितला होता. टेंगूळ दुखलं नाही.

फिजिओ_सातारा
तो चालतो. स्नायू कमरेकडून लांबतो, गुडघ्याकडची ओढ कमी राहते. यावर सगळ्यांचं एकमत नाही, काहीजण सुरुवातीला अजिबात नको म्हणतात. मी टेंगळाचं ऐकतो.

पेठेतली आई
अंगठ्याची तपासणी केली. अगदी तिथेच, उंचवट्यावरच. सांधा सुजलेला नाही. आता काय बंद आणि काय चालू ते सांगाल का?

फिजिओ_सातारा
आधी दुखण्याचं माप ठरवू, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. ० ते २ हिरवा, ३ ते ५ पिवळा, ६ आणि त्याच्या वर लाल. एकाच हालचालीचं तीनदा विचारायचं: करताना, त्याच संध्याकाळी, आणि दुसऱ्या सकाळी जिना उतरताना. तिसरा आकडा सगळ्यात खरा, कारण खेळताना अंग तापलेलं असतं आणि संघातून बाहेर पडायची भीतीही असते. मुलं मैदानावर सरसकट "२" सांगतात.

तुमच्या मुलासाठी पहिले चार आठवडे असे. पळणं, उड्या, किक, सामने पूर्ण बंद. पलंगावर पडून राहायचं नाही. सपाट चालणं चालू, पोहणं चालू. सायकल चालेल, पण सीट वर करा, म्हणजे पॅडल सगळ्यात वर असताना गुडघा फार वाकत नाही, आणि चढ टाळा. रोज एक व्यायाम: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती मांडी आवळून खाली दाबायची, १० सेकंद धरायची, असं १० वेळा. गुडघा हलत नाही, म्हणून बहुतेकांना दुखत नाही. सोबत पाठीवर झोपून पाय वाकवून कंबर उचलायची, १० वेळा, दोन फेऱ्या.

पाचव्या आठवड्यापासून व्यायाम एक दिवसाआड आणि जड. भिंतीला पाठ टेकवून बसका, आधी फक्त ४५ अंशापर्यंत, २० सेकंद, पाच वेळा. दुखणं २ च्या आत राहिलं तरच हळूहळू खाली. नंतर पुढे पाऊल टाकून खाली जायचे लंज. खेळाची शिडी त्याच वेळी सुरू: भरभर चालणं, मग सपाट गवतावर हळू धावणं, मग चेंडू पायात घेऊन धावणं आणि पास, मग अर्धा सराव, मग शॉट, मग लहान मैदानावर खेळ, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान तीन-चार दिवस. दुसऱ्या सकाळी पिवळा आला तर त्याच पायरीवर थांबा, लाल आला तर एक पायरी खाली.

डावी विंग
त्या शिडीत मैदानाकडून भर घालतो. शॉट परत सुरू करताना आधी उभ्या चेंडूला आतल्या बाजूने, १० मीटरवर, अर्ध्या ताकदीने, एकूण १० च. मग पळत येऊन. लांब पास आणि कॉर्नर सगळ्यात शेवटी, कारण रोवलेल्या पायाला तिथे सर्वात मोठा हिसका बसतो. आणि टणक मैदानावर लांब स्टड नकोत. जानेवारीत मातीची मैदानं सिमेंट होतात, तिथे स्टड रुतत नाही. सपाट टर्फ शूज घालू द्या.

अजिंक्य१०
सोपा उपाय आहे की. तेवढ्या काळात त्याला गोलकीपर करा. पळणं नाही.

डावी विंग
नको हो. गोलकीपर गुडघ्यांवर पडतो, उसळून उडी मारतो आणि गोल किक तर संघात सगळ्यात लांब मारतो. टेंगळासाठी याहून वाईट जागा मैदानावर नाही.

पेठेतली आई
पाच आठवड्यांनंतरची स्पर्धा मग विसरायची का? प्रशिक्षक म्हणतात, दोन आठवडे विश्रांती देऊन बघू.

फिजिओ_सातारा
माझ्या मते हो. वाट पाहायचीच तर सामन्यापर्यंत किमान १२ आठवडे धरा. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वयाच्या ५१ मुलांवर याच पद्धतीचा अभ्यास झाला होता. १२ आठवड्यांनी जवळपास ८० टक्के मुलं म्हणाली, बरं वाटतंय. पण तोपर्यंत आपल्या खेळात परतलेली फक्त १६ टक्के होती. वर्षभराने ६९ टक्के. बरं वाटणं आणि खेळता येणं यातलं हे अंतर घरात आणि मैदानावर कोणी धरत नाही.

"दोन आठवडे बघू" चं काय होतं तेही सांगतो. दहाव्या दिवशी दुखणं शून्य येतं, कारण हिसकेच बंद असतात. पंधराव्या दिवशी मुलगा थेट पूर्ण सामन्यात उतरतो. मांडी आधीपेक्षा कच्ची झालेली, जागा अजून तशीच. पहिल्या दिवशी काही होत नाही, तिसऱ्या सकाळी जिना उतरता येत नाही. मग पुन्हा विश्रांती. अशा तीन-चार फेऱ्यांत अख्खा हंगाम जातो.

मिलिंद_पुणे
मग हे एकूण किती दिवस? आमच्याकडे एक डॉक्टर "दोन वर्षं" म्हणाले, दुसरे "मिसरूड फुटलं की जातं".

फिजिओ_सातारा
दोघंही चूक नाहीत. तीव्र दुखण्याचा टप्पा सांभाळला तर काही आठवडे ते काही महिने. पण ती कूर्चा पूर्ण हाड होऊन जुळेपर्यंत कमी-जास्त होत राहतं. मुलींची वाढ लवकर थांबते, मुलांची साधारण १६ ते १८ च्या आसपास. मधल्या काळात उंचीची नवी उसळी आली की पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दारामागे पेन्सिलने खूण करा. महिन्यात सेंटिमीटरच्या आसपास सरकली, तर त्या महिन्यात शॉट आणि धावण्याचे राउंड आधीच कमी करा, दुखायची वाट बघू नका.

टेंगूळ मात्र राहतं. दुखणं गेल्यावरही हाडाचा उंचवटा जात नाही, मोठेपणी हाफ पँटमध्ये दिसतो. काही थोड्या लोकांना गुडघा टेकताना आयुष्यभर टोचतं. तिथे हाडाचा सुटा कण राहिलेला असतो. वाढ संपल्यावरही फार त्रास असेल तर तो काढतात, वाढ चालू असताना सहसा नाही.

संध्या_ठाणे
माझ्या मुलीला (११, बॅडमिंटन) पण असंच आहे, पण दुखतं ते वाटीच्या अगदी खालच्या टोकाला, नडगीवर नाही. तोच प्रकार ना?

फिजिओ_सातारा
भावंड आहे, तोच नाही. त्याच दोरीचं वरचं टोक. भार कमी करण्याची पद्धत बरीचशी सारखी, पण नाव वेगळं आहे. अंगठ्याची तपासणी म्हणूनच करायला सांगतो. तिला एकदा दाखवून घ्या.

रनर_रवी
पट्ट्याचं काय ते सांगाच. वाटीखाली बांधायचा तो अरुंद पट्टा. माझ्या ओळखीतल्या दोघांना लगेच फरक पडला.

फिजिओ_सातारा
काहींना पडतो, काहींना अजिबात नाही. टेंडनवर मधोमध दाब देतो, ओढ थोडी विभागली जाते असं मानतात. माझा आक्षेप पट्ट्याला नाही, "पट्टा लावून खेळव" ला आहे. पट्टा लावून दुखणं ५ वरून ३ झालं आणि मुलगा दुप्पट पळाला, तर रात्री हिशेब तोच. हीच गोष्ट सामन्याआधी वेदनाशामक गोळी देण्याची. गोळीने हिसका कमी होत नाही, फक्त ऐकू येत नाही. आणि तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर नाही म्हणा.

डावी विंग
पट्ट्यावर मी सहमत नाही. शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर पट्टा असलेली मुलं पाय कमी आखडून पळतात, मी बघतो. लंगडत पळण्यापेक्षा बरं.

फिजिओ_सातारा
शेवटच्या पायऱ्यांवर वापरा की. पहिल्या आठवड्यात नको एवढंच.

पेठेतली आई
शाळेचं काय करू? पीटीत उशिरा आलं तर उठाबशा काढायला लावतात. सकाळी प्रार्थनेनंतर वज्रासन आहे. घरीही तो जमिनीवर बसून अभ्यास करतो.

फिजिओ_सातारा
बरं झालं विचारलंत, हेच नेहमी राहून जातं. वज्रासनात शरीराचा भार थेट टेंगळावर येतो आणि दोरी पूर्ण ताणलेली असते. उठाबशांत तीच दोरी पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर अंगाचं वजन उचलते. दोन्ही चार आठवडे बंद. शाळेला चिठ्ठी द्या, पण "गुडघा दुखतो" असं मोघम लिहू नका. लिहा: "गुडघे टेकून बसणं, उठाबशा, उड्या आणि पळणं नको. चालणं, हाताचे व्यायाम, बसून स्ट्रेचिंग चालेल." काय चालेल तेही लिहिलं की शिक्षक मुलाला कोपऱ्यात उभा करत नाहीत. घरी मांडी घालून बसणं दुखत नसेल तर चालेल. तासभर बसला तर मधे पाय लांब करायला लावा.
आणि बर्फ: खेळून आल्यावर कपड्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं. बरफाचा खडा थेट कातडीवर नको.

अजिंक्य१०
एक भीतीचा प्रश्न. खेळत राहिला तर ते हाड तुटून वर येतं का?

फिजिओ_सातारा
क्वचित, आणि ते वेगळं प्रकरण आहे. उडी घेताना किंवा उतरताना एकदम "टक्" असा आवाज, तिथल्या तिथे कोसळणं, काही मिनिटांत मोठी सूज, आणि पाय सरळ ठेवून उचलता न येणं. असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. हळूहळू वाढलेल्या टेंगळात हे सहसा होत नाही.

बाकीची कारणं ज्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडे जावं: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, खेळ बंद करूनही वाढत जाणारं, ताप, सांध्यात सूज किंवा गुडघा अडकणं. आणि एक हमखास चुकणारं: मुलगा लंगडतोय, गुडघा दाबल्यावर फारसं दुखत नाही, पण जांघेत किंवा मांडीत दुखतं आणि पाय आत वळवता येत नाही. तेव्हा खुबा तपासायचा, गुडघा नाही. या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं.

पेठेतली आई
तीन आठवडे झाले. पळणं, किक, सामने, उठाबशा सगळं बंद. सकाळच्या जिन्यात पहिल्या आठवड्यात ५, नंतर ३, आता १. टॉवेलचा व्यायाम एकदाही चुकला नाही. चिठ्ठीने काम झालं. प्रशिक्षकांना शिडी कागदावर लिहून दिली, त्यांनी स्पर्धेचं नाव काढलं नाही. अडचण एकच: पुढच्या शनिवारी शाळेची पन्हाळ्याची सहल आहे. आणि आकडा १ आल्यावर तो रोज विचारतोय, आजपासून पळू का.

डावी विंग
पळू नको म्हणा, पण मैदानावर येऊ द्या. बाकीच्यांचे थ्रो-इन आणि चुकलेले पास लिहून ठेवायला लावा. घरी बसवलं की दुसऱ्या आठवड्यात तो बिल्डिंगच्या खाली गुपचूप खेळतो.

फिजिओ_सातारा
पळणं चार आठवडे पूर्ण झाल्यावरच, आणि तेही भरभर चालण्यापासून. पन्हाळ्याला जाऊ द्या. चढ फारसा त्रास देत नाही, पायऱ्या उतरताना देतो. उतरताना त्याला शेवटी ठेवा, म्हणजे मागून कोणी ढकलणार नाही, आणि एकेका पायरीवर आधी डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर. असं उतरलं की उतरण्याचा भार उजव्या गुडघ्यावर पडतो. पायऱ्यांवरून उड्या मारायच्या नाहीत. रविवारी सकाळी जिन्याचा आकडा लिहून कळवा. ३ आला तर सोमवारचं भरभर चालणं दोन दिवस पुढे ढकला.

रनर_रवी
उजव्यालाही झालं तर?

फिजिओ_सातारा
होतं, साधारण दहा मुलांत दोघा-तिघांना दोन्हीकडे. म्हणून टॉवेलचा व्यायाम पहिल्या दिवसापासून दोन्ही पायांना करायचा. ते मी वर लिहायचं राहिलं. पेठेतली आई, आजपासून उजव्यालाही १० वेळा.